पाच व्होल्टचा रिले ईएसपी३२ वर चालवायचा असेल, तर बीसी५४७, २एन२२२२ए की यूएलएन२००३?

जालना जिल्ह्यातील एका मोसंबीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडावा म्हणून बसवलेली एक पेटी मे महिन्यात पाहायला गेलो होतो. पेटीत ईएसपी३२ चा बोर्ड, यूएलएन२००३ ही आयसी आणि पाच व्होल्टचा निळा रिले होता, आणि रिलेच्या संपर्कातून चोवीस व्होल्ट एसीचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह चालत होता. सकाळी सहाला रिले टक्क आवाज करून लागायचा, दुपारी दोनला मात्र पिनवर ३.३ व्होल्ट येऊनही तो हलायचा नाही. प्रोग्राम तपासून झाला होता, रिलेही एकदा बदलून झाला होता. दोष यांपैकी कशातच नव्हता. पिन आणि रिले यांच्यामध्ये कोणता स्विच निवडला आहे, एवढ्यावरच हे सगळे अवलंबून होते. ज्यांना असाच रिले बसवायचा आहे त्यांच्यासाठी या पर्यायांची तुलना त्याच पेटीच्या आधाराने करतो.

मधला स्विच का लागतो, हे थोडक्यात पाहू. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या या निळ्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो, म्हणजे पाच व्होल्टला तिला ७१ मिलिअँपिअर लागतात. अर्डुइनो उनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि ईएसपी३२ ची पिन तर मुळातच ३.३ व्होल्टची आहे, त्यामुळे कॉइल थेट पिनला जोडता येत नाही. कॉइलचे एक टोक पाच व्होल्टला आणि दुसरे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडावे, एमिटर जमिनीला जोडावा आणि बेसला पिनकडून रेझिस्टरमार्फत थोडासा प्रवाह द्यावा, ही त्यावरची रूढ रचना आहे.

निवड करताना बहुतेक जण ट्रान्झिस्टर किती प्रवाह सोसतो तेवढेच पाहतात. माझ्या मते पाच व्होल्टच्या रिलेसाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की, स्विच पूर्ण चालू झाल्यावर स्वतःवर किती व्होल्ट अडवून धरतो, कारण तेवढे व्होल्ट कॉइलला मिळत नाहीत. या रिलेच्या माहितीपत्रकात तो लागण्याचे व्होल्टेज नाममात्र व्होल्टेजच्या ७५ टक्के, म्हणजे ३.७५ व्होल्ट दिलेले असते, परंतु हा आकडा सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. कॉइल तांब्याची असते आणि तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६० अंश सहज होतात, आणि त्या तापमानाला ७० ओहमची कॉइल ८१ ओहमची होते. रिले लागण्यासाठी लागणारा प्रवाह तेवढाच राहतो, पण तो वाहवण्यासाठी आता जास्त व्होल्ट लागतात:

```
3.75 × (1 + 0.0039 × 40) = 4.34 V
```

त्या पेटीत अडॉप्टर घरात होता आणि पाच व्होल्ट पातळ वायरने बाहेर आणले होते, त्यामुळे बोर्डाचा आणि रिलेचा प्रवाह वाहत असताना पेटीत ४.७ व्होल्टच पोहोचत होते. आता तिन्ही पर्याय या ४.७ आणि ४.३४ च्या मध्ये बसवून पाहावेत. हिशेब करताना माहितीपत्रकातील कमाल आकडे घ्यावेत, कारण पाकिटातून हाती येणारा नग सरासरीच असेल, याची खात्री देता येत नाही.

यूएलएन२००३ मध्ये एकाच आयसीत सात स्विच आणि प्रत्येकासाठी डायोड तयार असतो, आणि बेसचा रेझिस्टरही आतच असल्याने जोडणी फार सुटसुटीत होते. परंतु प्रत्येक स्विच डार्लिंग्टन जोडीचा आहे, आणि अशी जोडी १०० मिलिअँपिअरला ०.९ ते १.१ व्होल्ट स्वतःवर ठेवते. म्हणजे कॉइलला ३.६ ते ३.८ व्होल्ट उरतात. मी त्या पेटीत कॉइलवर मल्टिमीटर धरला तेव्हा ३.७५ व्होल्ट दिसले. तो विशिष्ट रिले सकाळी ३.४ व्होल्टलाच लागत होता, म्हणून सकाळी अडचण येत नव्हती. दुपारी त्यालाच ३.९ च्या आसपास हवे होते. नवा रिले बसवूनही फरक का पडला नाही, हेही यावरून कळते.

बीसी५४७ सर्वांत स्वस्त आहे आणि गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत मिळतो. त्याची प्रवाहाची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे ७१ मिलिअँपिअरचा रिले तो चालवतो, पण हाताशी फारशी मोकळीक राहत नाही. १०० मिलिअँपिअरला त्यावर सामान्यतः ०.२ व्होल्टच्या आसपास राहतात, मात्र कमाल आकडा ०.६ व्होल्ट दिलेला आहे. ४.७ मधून ०.६ वजा केले की ४.१ उरतात, म्हणजे दहा नगांपैकी बहुतेक चालतील आणि एखादा नेमका उन्हाळ्यात दगा देईल. हिशेब उलटा केला तर बीसी५४७ वापरायचा असल्यास पेटीत किमान ४.९५ व्होल्ट पोहोचायला हवेत. जाड वायर टाकून तेवढे मिळत असतील, तर घरात असलेला बीसी५४७ टाकून देण्याचे कारण नाही.

२एन२२२२ए ची मर्यादा ६०० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक असते, आणि १५० मिलिअँपिअरलाही त्यावर जास्तीत जास्त ०.३ व्होल्ट राहतात. ४.७ मधून ते वजा केले तरी ४.४ उरतात, म्हणजे सर्वांत वाईट नगातही रिले लागतो. किमतीतला फरक किरकोळ आहे, म्हणून या कामासाठी माझी पसंती यालाच आहे. फक्त पायांचा क्रम पाहून घ्यावा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता बीसी५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो, तर पीएन२२२२ए मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर असा; आणि पी२एन२२२२ए या अगदी सारख्या दिसणाऱ्या नावाच्या नगात क्रम पुन्हा बीसी५४७ सारखाच असतो. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर लगेच जळत नाही, तो केवळ फार दुबळा चालतो आणि रिले लागत नाही. त्यामुळे चूक शोधायला बराच वेळ जातो.

मॉस्फेटचा विचार करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, सहज मिळणारा २एन७००० ईएसपी३२ सोबत घेऊ नये. तो चालू होण्यास सुरुवात होण्याचे व्होल्टेज ०.८ ते ३ व्होल्ट यांच्यात कुठेही असू शकते, आणि ३ व्होल्टचा नग हाती आला तर ३.३ व्होल्टला तो नुकताच उघडू लागलेला असतो. एओ३४०० हा २.५ व्होल्टलाच पूर्ण उघडतो आणि स्वतःवर जवळपास काहीच ठेवत नाही. गुणाने तो वरच्या तिन्हींपेक्षा सरस आहे, पण तो बोटाच्या नखापेक्षाही लहान येतो आणि साध्या सोल्डरिंग गनने लावणे अवघड जाते.

२एन२२२२ए चा हा फायदा बेसला पुरेसा प्रवाह दिला तरच मिळतो. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडावा म्हणून कलेक्टरच्या प्रवाहाचा साधारण पंधरावा भाग, म्हणजे सुमारे ५ मिलिअँपिअर, बेसला द्यावा:

```
R = (3.3 - 0.8) / 0.005 = 500 Ω
```

त्यामुळे ईएसपी३२ साठी ४७० ओहमचा रेझिस्टर घ्यावा. पाच व्होल्टच्या उनोवर एक किलोओहम पुरतो. काही आकृत्यांमध्ये दहा किलोओहम दाखवलेला असतो, आणि तो घेतला तर बेसला केवळ पाव मिलिअँपिअर मिळतो. तेव्हा ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो, कलेक्टर आणि एमिटर यांच्यात एक-दोन व्होल्ट दिसतात, तो कोमट होतो आणि रिले लागत नाही. रिले चालू असताना हे व्होल्टेज मोजणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे: ते ०.३ च्या आत असायला हवे. दहा किलोओहमचा एक रेझिस्टर मात्र बेस आणि जमीन यांच्यामध्ये जरूर लावावा, कारण बोर्ड सुरू होताना पिन काही क्षण मोकळी असते आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडू नये.

आता डायोड. रिले बंद करताना कॉइलमधला ७१ मिलिअँपिअरचा प्रवाह एकदम थांबू शकत नाही. त्याला वाट नसेल तर कलेक्टरवरचे व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या ४० व्होल्टच्या मर्यादेपलीकडे जाऊन त्यालाच फोडून वाट काढते. असा ट्रान्झिस्टर कदाचित पहिल्या दिवशी मरत नाही. त्याआधी रिले सुटताना बोर्ड रीसेट होणे ही खूण दिसू लागते. डायोडचा पट्टा पाच व्होल्टकडे आणि दुसरे टोक कलेक्टरकडे ठेवावे, आणि तो कॉइलच्या पायांलगतच सोल्डर करावा. उलटा लावल्यास ट्रान्झिस्टर उघडताच पाच व्होल्ट डायोडमधून सरळ जमिनीकडे जातात आणि ट्रान्झिस्टर जळतो.

१एन४००७ घ्यावा की १एन४१४८, याचा निर्णय फारसा कठीण नाही. डायोडमधून कॉइलइतकाच, म्हणजे ७१ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि दोन्ही तो सोसतात. १एन४००७ मंद असल्याचा आक्षेप घेतला जातो, पण त्याचा मंदपणा बंद होण्यात आहे, आणि येथे आपल्याला तो चटकन चालू होण्याशी काम आहे. जाड पाय आणि सर्वत्र उपलब्धता यांमुळे मी १एन४००७ च वापरतो.

डायोडमुळे कॉइलचा प्रवाह हळूहळू विरतो आणि रिले काही मिलिसेकंद उशिरा व हळू सुटतो, हा त्याचा खरा तोटा आहे. ठिबकच्या लहान व्हॉल्व्हला त्याने काही बिघडत नाही. संपर्कातून मोठा प्रवाह तोडायचा असेल, तर हळू उघडणाऱ्या संपर्कावर ठिणगी जास्त वेळ टिकते आणि संपर्क चिकटू शकतात. अशा वेळी डायोडसोबत १२ व्होल्टचा झेनर उलट दिशेने मालिकेत जोडावा. मग कलेक्टरवर सुमारे १७.७ व्होल्ट चढतात, जे २एन२२२२ए च्या मर्यादेत आहेत, आणि रिले लवकर सुटतो.

ज्यांच्याकडे बारा व्होल्टची बॅटरी आहे त्यांच्यासाठी मात्र उत्तर बदलते. बारा व्होल्टच्या त्याच आकाराच्या रिलेला ३० मिलिअँपिअरच लागतात, आणि ६० अंशांना त्याची गरज १०.४ व्होल्टपर्यंत जाते. यूएलएन२००३ ने एक व्होल्ट अडवला तरी ११ व्होल्ट उरतात, म्हणून तेथे चार-पाच व्हॉल्व्ह एकत्र चालवायला मी निःशंकपणे तीच आयसी सुचवेन. तिच्या आतले डायोड कामाला लागावेत म्हणून तिची कॉमन पिन बारा व्होल्टला जोडायची विसरू नये. चार्ज उतरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज तेवढे तपासून घ्यावे, कारण ११.४ च्या खाली गेल्यावर हिशेब पुन्हा तंग होतो.

जालन्याच्या पेटीत आम्ही आयसी काढून २एन२२२२ए, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि १एन४००७ बसवला. वायर तीच ठेवली. दुपारी दोन वाजता पेटीचे झाकण उघडून मोजले तेव्हा कॉइलवर ४.६ व्होल्ट होते आणि रिले पहिल्याच वेळी लागला.