आठ महिने हिशेबाचं ॲप वापरलं, ॲप चांगलं पण प्लॅनच्या नावात फसलो

आमचं आर्णी-दिग्रस पट्ट्यात कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषध, अन् सीझनमधी फवारणीचे पंप. जून लागायच्या आधी हे ॲप घेतलं, आता जानेवारी सरत आला, आठ महिने झाले, म्हटलं आता लिहून टाकावं. ॲप चालते चांगलं. नेट गेलं तरी बिल निघते अन् रेंज आली की आपोआप चढते, उधारीचा मेसेज जाते, याच्याबद्दल तक्रार नाही. माही तक्रार आहे ते तीन प्लॅनच्या नावाची, कारण माहे पैसे तिथंच गेले.

प्लॅन होते बेसिक, प्लस अन् प्रो. वर्षाचे 499, 1499 अन् 2999. बेसिकखाली लिहिलं होतं 'व्यवसायाची स्मार्ट सुरुवात', प्लसखाली 'प्रोफेशनल बिलिंग, जीएसटीची चिंता सोडा', अन् प्रोखाली 'तुमच्या टीमसोबत व्यवसायाला नवी उंची द्या, सर्वसमावेशक लेखां…' एवढंच. पुढचं मोबाईलवर कटलं होतं, मी अक्षर मोठं ठेवतो म्हणून आणखीच कटलं. आता सांगा, यातून दुकानदाराले काय समजलं? टॅलीचं सिल्व्हर-गोल्ड चालते, कारण सिल्व्हर म्हणजे एकाच माणसासाठी अन् गोल्ड म्हणजे जास्त माणसायसाठी हे तालुक्याच्या दुकानदारायले वर्षानुवर्षे ऐकून माहीत आहे, तिथं नावाले अर्थ नसला तरी चालून जाते. नवीन ॲपले कोण ओळखते भाऊ?

मी बेसिक घेतलं, बिल तं त्यातही निघत होतं. पाऊस पडला, सोयाबीनची गर्दी सुरू झाली, अन् एक शेतकरी म्हणे दादा बिलावर लॉट नंबर टाकून द्या, मागच्या साली उगवलं नाही तं तक्रारीच्या वेळेस बिलावर लॉटच नव्हता. बरोबर होतं त्याचं. बियाणं उगवलं नाही तर पिशवी, टॅग अन् लॉट नंबर असलेली पावती हेच हातात राहते. औषधाचंही तसंच, बॅच अन् एक्स्पायरी बिलावर पाहिजे. बेसिकमधी ते खानंच नाही. आठ दिवस मी प्रिंट काढून पेनानं लॉट लिहून दिले, काउंटरवर वीस माणसं उभे अन् मी पिशवी उलटीपालटी करून बारीक अक्षर वाचून राहिलो. शेवटी कस्टमर केअरले फोन लावला, ते म्हणे सर ते प्लसमधी आहे. मंग प्लस घेतलं, बेसिकचे 499 वळते केले नाही, ते गेले ते गेले.

म्हणजे जी गोष्ट माह्यासाठी सगळ्यात कामाची, ते त्या एका ओळीत होतीच नाही, तिथं 'प्रोफेशनल' होतं.

त्याच ओळीचा दुसरा भाग तं त्याहून वाईट, कारण तो खोटा होता. 'जीएसटीची चिंता सोडा'. आमच्या एका बिलात तीन हिशेब राहते, पेरणीच्या बियाण्याले जीएसटी नाही, खताले 5 टक्के, रासायनिक औषधाले 18. प्लस हे बरोबर लावते, त्यात वाद नाही. पण मी समजलो रिटर्नही आपोआप जाते. ऑक्टोबरात सीए साहेबायचा फोन, तिमाहीचा डेटा कुठं आहे म्हणून. ॲप फक्त रिपोर्ट बनवून ठेवते, भरावं आपल्यालेच लागते, अन् थ्रीबी रिटर्नले उशीर झाला की रोजचे 50 रुपये दंड. वेळेवर समजलं म्हणून वाचलो. 'जीएसटी रिपोर्ट तयार, सीएले पाठवा' एवढं खरं लिहिलं असतं तं मी सप्टेंबर संपताच पाठवून दिला असता.

डिसेंबरात त्यायच्याकडून एका ताईचा फोन आला, अनुभव कसा आहे म्हणून. मी हे सगळं सांगतलं. ते म्हणे मंग दादा तुम्हीच सुचवा ना नावं. मी गमतीत हाव म्हटलं, पण मंग डोक्यातून जाईना. बाजाराच्या दिवशी चिठ्ठीवर तीन नावं अन् तीन ओळी लिहिल्या, किंमत लिहिली नाही, कारण किंमत दिसली की माणूस सगळ्यात स्वस्तावर बोट ठेवते अन् आपल्याले काहीच समजत नाही. किराणावाला, हार्डवेअरवाला, मोबाईल रिपेरिंगवाला अन् बाजूचा कृषी केंद्रवाला, चौघायले एकच विचारलं, यातलं तुले कोणतं लागन अन् काऊन?

पहिल्यांदा लिहिलं होतं वही, पावती, पेढी. किराणावाला लगेच म्हणे, म्हणजे वहीत पावती निघतच नाही का? निघते ना बाप्पा, साधी निघते. म्हणजे मधल्या प्लॅनले चांगलं नाव द्यायच्या नादात मी खालच्याले लंगडं करून ठेवलं. पेढीवर तं हार्डवेअरवाला हसलाच, 'आपली कुठची पेढी, पेढी सोनाराची'. त्याले खरं म्हणजे तिसराच प्लॅन लागते, तो माल आणाले जाते तेव्हा भाऊ बिल फाडते, दोन मोबाईल पाहिजेच. पण नाव माणसाच्या ऐपतीचं झालं की लहान माणूस त्याले हात लावत नाही. 'टीम'चंही तेच. काउंटरवर बसलेल्या पोराले कोणता बाप टीम म्हणते?

म्हणून दुसऱ्या चिठ्ठीत नावं माणसाची नाही, कामाची ठेवली. 'उधारी वही: कोणाकडं किती बाकी, लगेच दिसते'. 'पक्कं बिल: लॉट-बॅच अन् जीएसटी बिलावरच'. 'जोडी: बिल पोरगा फाडन, हिशेब तुमच्या मोबाईलवर'. यावेळेस चौघांनीही आपापला प्लॅन बरोबर दाखवला. मोबाईलवाला म्हणे मले वहीच पुरते, त्याचं खरंच तेवढंच काम आहे. बाजूच्या कृषी केंद्रवाल्यानं मधलं दाखवलं अन् वरून विचारलं, लॉट येते का खरंच? ती ओळ त्याच एका शब्दावर चालली.

जोडीत एक खोट राहिलीच. आपल्याकडं जोडी म्हटली की बैलजोडी, म्हणजे दोनच, अन् त्या प्लॅनमधी मोबाईल तीन चालतात. ताईले मी तेही सांगतलं, म्हटलं ओळीतच '3 मोबाईलपर्यंत' टाका, मर्यादा लपवली की चौथ्या मोबाईलच्या दिवशी शिव्या तुम्हालेच पडतीन.

मागच्या हप्त्यात अपडेट आलं. पहिल्या दोघांची नावं खरंच बदलली, उधारी वही अन् पक्कं बिल, ओळीही जवळपास माह्याच, अन् जीएसटीच्या जागी आता 'रिपोर्ट तयार' लिहिलं. तिसरं अजून प्रोच आहे, खाली तेच 'नवी उंची', तसंच कटलेलं. माह्ये 499 काही परत आले नाही, विचारलं तं म्हणे सर पॉलिसीत नाही.

मी चार स्टार देऊन राहिलो. जूनमधी पक्कं बिलच रिन्यू करीन, दुसरा मोबाईल लागत नाही, पोट्टा आता यवतमाळले शिकाले राहते.