ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या: सहा पाळ्या वापरल्यानंतर

गुण: ५ पैकी साडेतीन. पट्टी तिचं काम चोख करते, पण पाकिटावरचं लिखाण वाचून वाटतं तेवढं मोठं ते काम नाही. ती मोजते लघवीतलं एलएच. बीज बाहेर पडलं की नाही, हे तिला कळत नाही.

एलएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. ते एकदम उसळतं आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. पट्टीत सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेल्या अँटीबॉडी असतात. त्या लघवीतल्या एलएचला पकडून पुढे सरकतात आणि टेस्टच्या रेषेवर अडकतात. एलएच जितकं जास्त, तितकी रेष गडद. प्रेग्नन्सीच्या पट्टीत पुसट रेषही पॉझिटिव्ह असते, इथे मात्र टेस्टची रेष कंट्रोलच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. थोडं एलएच रोजच असतं, त्यामुळे पुसट रेष महिनाभर दिसू शकते. फार्मसीत मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांची पॉझिटिव्ह होण्याची पातळी २५ एमआययू प्रति मिली असते. पट्टी MAX खुणेच्या वर बुडवायची नाही, सपाट ठेवायची, पाच मिनिटांनी वाचायची. दहा मिनिटांनंतर दिसेल ते मोजायचं नाही.

गोव्यात सगळ्यात जास्त फसवतं ते पाणी. एप्रिल-मे महिन्यांत घामाने जीव नको होतो, मग दुपारी एक शहाळं, वर दोन ग्लास कोकम सरबत. लघवी पाण्यासारखी होते. त्यात ४० एमआययू असणारं एलएच दुप्पट पातळ झालं की उरतं २०, म्हणजे पट्टीच्या पातळीखाली. खरी गोम पुढे आहे: कंट्रोलच्या रेषेचा एलएचशी संबंधच नाही, ती तितकीच गडद राहते. म्हणजे पट्टी ‘बरोबर चालली’ असं दाखवते आणि निकाल चुकतो. उपाय साधा आहे. पट्टीआधी दोन तास फार प्यायचं नाही आणि लघवी पिवळसर असेल तेव्हाच तपासायचं. दिवसभर तहान मारायची गरज नाही.

वेळेचंही असंच. उसळी रक्तात बहुतेकदा पहाटे ते सकाळच्या दरम्यान सुरू होते आणि लघवीत यायला तिला काही तास लागतात. म्हणून सकाळची पहिली लघवी इथे नको, दुपारी दोनच्या सुमारास एक पट्टी आणि रेष गडद होऊ लागली की रात्री आठला दुसरी.

३२ दिवसांची पाळी धरू. पाळीच्या दिवसांतून १७ वजा करून पट्ट्या सुरू करायच्या: ३२ वजा १७, म्हणजे पंधराव्या दिवशी. पंधरावा आणि सोळावा पुसट. सतराव्याला दुपारी, सरबतानंतर, आधीपेक्षा किंचित गडद, पण अजून पुसटच. रात्री आठला दोन्ही रेषा सारख्या. अठराव्याला दुपारी गडद, एकोणिसाव्याला परत पुसट. मोजायचं ते पहिल्या पॉझिटिव्हपासून, सर्वांत गडद रेषेपासून नाही. म्हणजे बीज अठराव्याच्या रात्रीपासून एकोणिसाव्याच्या सकाळपर्यंत केव्हातरी. सुटलेलं बीज २४ तासांच्या आत निकामी होतं, त्यामुळे गर्भ राहायला हवा असेल तर संबंध पॉझिटिव्ह दिसताच, सतराव्या आणि अठराव्याला हवेत. काहींची उसळी बारा तासांच्या आतच ओसरते. तशी असती तर दिवसाला एकच पट्टी वापरणारीला अठराव्यालाही पुसट रेष दिसली असती आणि ‘या महिन्यात बीजच झालं नाही’ असा चुकीचा समज झाला असता.

उलटी फसवणूकही होते. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढलेलं असू शकतं, किंवा बीज न सुटता दोन-तीनदा उसळतं. एक पट्टी मुद्दाम पाळीच्या सहाव्या दिवशी लावून पाहावी. तेव्हाच रेष गडद असेल तर हा डबा बाजूला ठेवा, पैसे फुकट जातील. एचसीजी या गर्भधारणेच्या हार्मोनचं इंजेक्शन घेतलं असेल तरी पट्टी फसते, कारण एचसीजीची रचना एलएचशी इतकी जुळते की अँटीबॉडी त्यालाही धरते. गर्भ राहिल्यावर ओव्ह्युलेशनची पट्टी गडद दिसते तीही यामुळेच.

कधी उसळी खरी असते, पण फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पिशवी, फुटतच नाही. हे सोनोग्राफीतच, फॉलिक्युलर स्टडी करून कळतं. बीज सुटल्याचा अंदाज प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीने येतो, ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर सुटलं असावं. मात्र फुटलं नसलेलं फॉलिकलही प्रोजेस्टेरॉन सोडू शकतं. ‘एकविसाव्या दिवशी करा’ हे २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. वरच्या उदाहरणात ती तपासणी पंचविसाव्याच्या सुमारास हवी.

कापलेल्या दीड गुणांतला अर्धा पाकिटासाठी. पावसाळ्यात फॉइल आधीच फोडून पट्टी बाथरूमच्या फळीवर ठेवली की ती दमट होते आणि लघवी वर चढताना मध्येच अडते. कंट्रोलची रेष उमटली नाही तर ती पट्टी फेकायची. हे बारीक इंग्रजीत नाही, मोठ्या अक्षरांत मराठी-कोंकणीत छापायला हवं.