गार्डनचा प्लॅन छान दिसला म्हणून पैसे देऊन बसलो, आणि मग जुलै आला

तळेगावला आमचा 40 बाय 60 चा प्लॉट, घर बांधून झालं आणि पुढे-मागे जी जागा राहिली तिथे छोटीशी बाग करायची असं ठरलं. ओळखीतल्या एकांनी एका लँडस्केपवाल्याचा नंबर दिला. नाव लिहीत नाही, पण काय झालं ते सगळं लिहिते, कारण घर झाल्यावर बागेकडे वळणारे इथे बरेच आहेत.

तो माणूस एकदाच आला. मोबाईलवर फोटो काढले, 'मॅडम नॉर्थ कुठे?' असं विचारलं, चहा घेतला आणि गेला. टेप सुद्धा काढली नाही. मी म्हटलं मापं नको का, तर म्हणे आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून घेतो. आठ दिवसांनी कलर प्रिंट आणली आणि खरं सांगते, आम्ही दोघं खूषच झालो. हिरवी गोल गोल झाडं, त्यांच्या सावल्या, वळणदार पाथ, मागे लॉन, आणि जागोजागी +150, +300 असे आकडे. ड्रॉइंगचे 18 हजार घेतले, आणि झाडं, माती, लॉन, मजुरी धरून 1 लाख 90 हजारांचं काम त्याच्याकडेच दिलं, त्यातले 70 टक्के आधी.

लॉन मे महिन्यात लागलं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात किचनच्या मागच्या दारातून गढूळ पाणी आत. सासूबाई पहाटे उठल्या तर पायाखाली चिखल. मला वाटलं दाराच्या फटीतून आलं असेल, पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत. फोन केला तर म्हणे 'नवीन माती आहे, बसली की थांबेल'. आठवड्याने मागच्या भिंतीला आतून ओल दिसायला लागली तेव्हा घर बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री आले ते पाण्याची नळी घेऊन. ती पारदर्शक लेव्हलची नळी असते ना, पाणी भरायचं, आत एकही बुडबुडा ठेवायचा नाही (बुडबुडा राहिला की माप चुकतं, दोनदा झटकून घेतली त्यांनी), एक टोक गेटपाशी धरलं आणि दुसरं घेऊन मागच्या कंपाउंडपर्यंत गेले. गेट शून्य धरलं तर घराचं जोतं 2 फूट वर, आणि मागची जमीन अडीच फूट वर. म्हणजे मागची जमीन घराच्या जोत्यापेक्षा अर्धा फूट उंच! आणि प्लॅनवर तिथे काय लिहिलेलं? जोतं +600, मागचं लॉन +300. गेटपासूनची उंची मिलिमीटरमध्ये आहे ती, 300 म्हणजे साधारण एक फूट. त्या कागदावर लॉन जोत्यापेक्षा एक फूट खाली आणि प्रत्यक्षात अर्धा फूट वर, त्यावर त्याने टाकलेली चार इंच लाल माती वेगळीच.

मी मिस्त्रींना विचारलं की मागच्या वर्षीच्या पावसात का नाही आलं पाणी, तेव्हा तर फक्त मुरूम होता. ते म्हणाले, 'ताई, भिंतीला लागून तीन फुटांची पट्टी मी खाली उतरवून ठेवली होती की, पाणी त्यातून फिरून पुढे जायचं. ती कुठंय?' ती पट्टी लॉनवाल्यांनी बुजवून टाकली होती. प्लॅनमध्ये हिरवळ थेट भिंतीला टेकवलेली, पट्टी काढलेलीच नाही, आणि कशी काढणार, तो मागे नीट गेलाच नव्हता.

मग आम्ही तो कागद पहिल्यांदा नीट वाचला, म्हणजे चित्र म्हणून नाही. खाली स्केल 1:100 लिहिलेलं. म्हणजे आपला 60 फूट, जवळपास 18.3 मीटर, कागदावर 18.3 सेंटीमीटर यायला हवा. पट्टी लावली तर 12.9. विचारलं तर म्हणे मोठ्या कागदाचं लहान प्रिंट केलं, आणि हे होतं खरं, त्यासाठीच ड्रॉइंगवर फूटपट्टीसारखी रेघ काढतात, जी कागदाबरोबर लहान-मोठी होते, ती इथे नव्हती. पण लहान झालं तर रुंदी पण त्याच हिशोबात लहान व्हायला हवी ना. 60 फुटांना 12.9 तर 40 फुटांना 8.6. आमची रुंदी भरली 9.7. उलटा हिशोब केला तर तो प्लॉट 45 फूट रुंद निघतो. आमचा नाहीच तो! कोणाच्या तरी जुन्या प्लॅनवर आमच्या घराची बाह्यरेषा बसवलेली.

आणि खात्रीच पटली ती कोपऱ्यातल्या तुटक रेघेच्या गोलाने. सूचीत त्याचा अर्थ दिलेला, 'एक्झिस्टिंग ट्री'. आमच्या त्या कोपऱ्यात बोअरवेल आहे, झाड कधीच नव्हतं. ज्याच्या अंगणात ते असेल त्याला माझा नमस्कार.

झाडांचं पण तेच. गोल हा झाड पूर्ण वाढल्यावरच्या पसाऱ्याएवढा काढायचा असतो. बकुळ सहज वीस फूट पसरते, याने तिचा गोल साडेसहा फुटांचा काढून तीन बकुळी बारा फुटांत बसवल्या, त्यातली एक भिंतीपासून चार फुटांवर. नर्सरीतून आलेल्या रोपाला तो गोल शोभतो, दहा वर्षांनी फांद्या खिडकीत. कामिनीच्या कुंपणाचे प्लॅनवर ठिपके मोजले तर 37, छत्तीस फुटाला फूटभर अंतराने बरोबर आहेत, पण यादीत आणि बिलात 110. लावलेली किती? 40 च्या आसपास. मी ठिपके मोजायचा विचार आधी का केला नाही हे मलाच कळत नाही, भाजी घेताना जुडी उलटून बघते मी.

भांडण झालं ते झालं. व्हॉट्सॲपवर कागदाचा आणि पट्टीचा फोटो टाकला तेव्हा दोन दिवस उत्तर नाही, मग 'ड्राफ्ट्समनची चूक' असा मेसेज. खूप मागे लागल्यावर उरलेले 30 टक्के मागणार नाही एवढं कबूल केलं, दिलेल्यातलं काही परत आलं नाही.

आता मिस्त्रींनी भिंतीलगतचं लॉन उकरून परत तीन फुटांची पट्टी केली, जोत्यापासून नऊ इंच खाली, आणि घराच्या कडेने पस्तीस फुटांत चारेक इंच उतार देऊन पुढे सोडली. वर खडी टाकली. मागची जमीन उंच राहणारच, म्हणून पट्टीच्या कडेला दगडाची बुटकी भिंत, तिच्यात खाली पाणी झिरपायला भोकं. याचा साधा आडवा छेद, म्हणजे कुठली जमीन किती उंच हे दाखवणारी एक रेघ, त्या 18 हजारांच्या ड्रॉइंगमध्ये असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

नवीन प्लॅन लेकाच्या आलेख वहीत काढलाय, एक चौकोन म्हणजे एक फूट. नळीने मोजलेले नऊ आकडे जागेवर लिहिलेत. बकुळ एकच ठेवली, तिचा गोल वीस चौकोनांचा काढला तर मागचा सगळा कोपराच भरला, सासूबाई बघून म्हणाल्या, 'अगं मग बसायला जागा कुठंय?' बाकी दोन बकुळी पाऊस थांबायच्या आत दुसरीकडे हलवायच्या आहेत, कोणाला हवी असेल तर सांगा, खड्डा तयार ठेवा.