बीसी ग्रेड-२ : ५.४ टक्के डांबर की ५.७ टक्के?

दख्खनच्या काळ्या पाषाणाची खडी वापरून बिटुमिनस काँक्रीट ग्रेड-२ या पृष्ठथराचे मिश्रण ठरवायचे आहे आणि खडीचे विशिष्ट गुरुत्व २.८५ आहे, असे समजू.

५.७ टक्क्यांच्या नमुन्याची मार्शल स्थिरता १४.१ किलोन्यूटन, तर ५.४ टक्क्यांच्या नमुन्याची १३.२ आली. किमान अपेक्षा ९ असल्याने हा फरक माझ्या मते निर्णायक नाही. हवेच्या पोकळ्याही अनुक्रमे ३.७ व ४.६ टक्के, म्हणजे ३ ते ५ च्या मर्यादेतच आहेत.

खरा निर्णय डांबराने भरलेल्या पोकळ्यांवर होतो. ५.७ टक्क्यांना खडीमधील एकूण पोकळी १६.८५ टक्के असून तिचा ७८ टक्के भाग डांबराने भरतो, आणि ६५ ते ७५ ची मर्यादा ओलांडली जाते. असा थर उन्हाळ्यात जड वाहनांखाली डांबर वर सोडतो व चाकोरी धरतो. ५.४ टक्क्यांना हाच आकडा ७३ येतो.

मंजुरीनंतर प्लांटवर डांबरात ±०.३ टक्के फरक चालतो. ग्रेड-२ साठी किमान ५.४ टक्क्यांची अट २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या खडीसाठी आहे. जड खडीला ती प्रमाणात कमी करता येते, म्हणून येथे किमान प्रमाण सुमारे ५.१ ठरते. त्यामुळे ५.४ मंजूर केल्यास खालची सूट पूर्ण वापरता येते, परंतु वरची पूर्ण वापरली तर मिश्रण नाकारलेल्या ५.७ वरच पोहोचते. मंजुरीपत्रात वरची सूट +०.१ पर्यंतच ठेवावी.