'अटी लागू' या दोन शब्दांत गेलेले 52,500 रुपये

आरोग्य विम्याच्या एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरची कॅप्शन अशी होती: '5 लाखांचं कव्हर, फुल कॅशलेस, खिशातून एक रुपया नाही! आज रात्री 12 नंतर दर वाढणार.' खाली डोळे बारीक करून वाचावं लागेल एवढ्या अक्षरात 'अटी लागू'. कंपनीचं नाव नाही, योजनेचा यूआयएन, म्हणजे विमा नियामकाने दिलेला ओळख क्रमांक, तोही नाही. तरी मी 17,400 रुपये भरले. मूर्खपणाच, पण सोसायटीतल्या चौघांनी त्याच्याकडूनच पॉलिसी घेतली होती आणि रात्री साडेनऊला, कोणीतरी दर वाढतोय म्हणत असताना, माहितीपत्रक मागवून कोण वाचत बसतं?

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. 'रूम रेंटला मर्यादा आहे का?' असं मी विचारलंही होतं. उत्तर आलं, 'काका, टेन्शन घेऊ नका', सोबत अंगठा. प्रश्नाला अंगठा आला की समजावं, उत्तर सोयीचं नाही. आणि दर असा मध्यरात्री अचानक वाढत नाही. वय पुढच्या टप्प्यात गेलं तर वाढतो, किंवा कंपनीने रीतसर बदलला तर. तो मेसेज म्हणजे निव्वळ घाई लावणं होतं.

आठ महिन्यांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दोन खाटांची खोली रिकामी नव्हती, म्हणून 8,000 रुपये रोजाची खोली घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. तेव्हा माझा हिशेब सरळ होता: 3,000 जास्तीचे, चार दिवस, 12,000 खिशातून. पण कपात भाड्यापुरती थांबत नाही. मर्यादा ओलांडली की सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. 5,000 भागिले 8,000, म्हणजे 62.5 टक्केच मंजूर.

बिल 1,80,000 चं. भाड्याच्या 32,000 पैकी 20,000 मिळाले. डॉक्टर आणि थिएटरच्या 96,000 चे झाले 60,000. तपासण्यांचे 14,000 पूर्ण मिळाले. औषधं आणि साहित्याच्या 38,000 मधून हातमोजे वगैरे 4,500 कापले. औषधं आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही, हे तेवढं नशीब. मंजूर 1,27,500, खिशातून 52,500.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हॉस्पिटल खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांचे आणि इतर दर बदलत नसेल, तर कंपनीला प्रमाणशीर कपात करताच येत नाही. अ‍ॅडमिशन काउंटरवर विचारा आणि दर एकच असतील तर तसं पत्र लिहून घ्या. आमच्या हॉस्पिटलात ते बदलत होते, त्यामुळे ती वाट बंद.

मग तक्रार. कंपनी म्हणते, 'पोस्टला आमची मान्यता घेतलेली नाही, आमची जबाबदारी नाही.' अहो, एजंट तुमचा, हप्ता तुमच्या खात्यात! एजंटला जाहिरातीसाठी कंपनीची लेखी मंजुरी लागते, म्हणजे ती न घेणाऱ्याला जाब तुम्हीच विचारायचा ना? तक्रार अधिकाऱ्याच्या उत्तरात माझं नावसुद्धा चुकलेलं. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, तीही कंपनीच्या त्याच खुलाशावर बंद. पोलीस म्हणाले, 'हे दिवाणी आहे.' आता विमा लोकपालाकडे अर्ज केला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात जावं लागतं. स्टेटस 24 तासांत उडतं, स्क्रीनशॉट आधीच काढा. मी काढला होता, एवढंच काय ते शहाणपण.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. ग्राहक माहिती पत्रकात खोलीभाड्याची ओळ शोधा. ते पत्रक मराठीतही मागता येतं. हप्त्यातून 'कमिशनचे पैसे परत' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, विमा कायद्याच्या कलम 41 नुसार ते बेकायदा आहे.

एजंट मंडळींनो, कॅप्शन अशी लिहिता आली असती:

'विमा रक्कम 5 लाख. खोलीभाडं दिवसाला 5,000 पर्यंत. महाग खोली घेतल्यास डॉक्टर आणि ऑपरेशनच्या खर्चातही त्याच प्रमाणात कपात. पहिले 30 दिवस फक्त अपघाताला संरक्षण. आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षं थांबावं लागेल. पसंत नसेल तर 30 दिवसांत परत करा. जोखीम, अटी आणि शर्तींच्या अधिक माहितीसाठी विक्री पूर्ण होण्यापूर्वी माहितीपत्रक काळजीपूर्वक वाचा. कंपनीचं नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि योजनेचा यूआयएन खाली दिला आहे. विचार करून सांगा, घाई नाही.'

हे वाचूनही मी पॉलिसी घेतली असती. फक्त त्या दिवशी 8,000 ची खोली घेतली नसती.