जुन्या स्कूटरला साधं पेट्रोल की प्रीमियम, आणि बाईकचं ऑइल चालतं का?

ताईने २०१६ची ११० सीसी स्कूटर घेतली, सेकंड हँड, कार्बोरेटरवाली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबा, प्रीमियम पेट्रोल टाकूया ना, इंजिन जुनंय." बाबा म्हणाले, कशाला? जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नाही गं, ते फक्त पेट्रोलला वेळेआधी पेटू देत नाही, आणि या इंजिनचं कॉम्प्रेशन तेवढं नाहीच, त्यामुळे कंपनीने साधंच सांगितलंय. चढावर टकटक आवाज आला तर बघू.

"पण मग इथेनॉल?" तिचा प्रश्न बरोबर होता कारण आता पंपावर बहुतेक ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या आधीची. पण बहुतेक प्रीमियममध्येही इथेनॉल असतंच, तो काही उपाय नाही. बाबांनी तिला पेट्रोल पाइप दाबून दाखवला, कडक झालेला, जोडाशी ओलसर. तो आधी बदल म्हणाले, आणि गाडी महिनामहिना उभी ठेवू नको, इथेनॉल पाणी ओढतं, मग सकाळी स्टार्टला त्रास देते आणि ॲक्सिलरेटर दिला की मिसिंग.

ऑइलचं मात्र वेगळं, तिथे फरक खरंच पडतो. गॅरेजवाला २०W-४० टाकत होता, बाईकचं, डब्यावर JASO MA लिहिलेलं. बाईकचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो, त्याला पकड लागते, म्हणून MA. स्कूटरचा क्लच बेल्टच्या बाजूला कोरडा, ऑइलशी त्याचा संबंधच नाही, म्हणून तिला जास्त निसरडं MB चालतं, आणि मॅन्युअलमध्ये ग्रेड १०W-३०. MA टाकलं म्हणून इंजिन लगेच जाणार नाही, पण २०W-४० सारख्या जाड ऑइलने सकाळी गाडी जड वाटते, ॲव्हरेजही थोडं पडतं. उलटं कधी करू नको म्हणाले, MB बाईकमध्ये गेलं तर क्लच घसरतो.

"मग एक लिटरचा डबा आणू?" नको, हिला साधारण ७०० मिली पुरतं, म्हणूनच स्कूटरचे पॅक छोटे मिळतात. डबा आणलाय म्हणून सगळा ओतला तर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जातं (हे मेकॅनिक सांगत नाहीत कधी). मेन स्टँडवर लावून, डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती आत टेकवून बघायचं, दोन खुणांच्या मध्ये हवं.

तर तिने साधं पेट्रोल आणि १०W-३० MB ठरवलं. बाबांनी एक गोष्ट वाढवली, मागच्या चाकापाशी गिअर ऑइल वेगळं असतं, शंभर-सव्वाशे मिली, आधीच्या मालकाने ते बदललं असेल याची खात्री नाही, त्यामुळे याच सर्व्हिसला तेही बदलून घे.