"नाव तुझं, हप्ता माझा": पूर्व नागपुरात चार बायका कशा फसल्या

पूर्व नागपुरातल्या एका वस्तीतली गोष्ट. पाच बायकांचा गट. त्यातली एक बोलकी, सगळ्यांचे हप्ते गोळा करणारी. तिने चौघींना सांगितलं, "मले पैशाची गरज आहे. कर्ज तुमच्या नावानं उचला, हप्ता मी भरते. तुम्हाले तीन-तीन हजार ठेवा."

वस्तीत सगळ्यालाच 'बचत गट' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खऱ्या बचत गटात बँकेचं कर्ज गटाच्या नावावर, गटाच्या खात्यात येतं आणि ठराव करून वाटलं जातं. मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटात प्रत्येकीचं कर्ज वेगळं असतं. करार तिचा, खातं तिचं, कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोतली नोंदही तिचीच. गहाण काही नसतं. तारण म्हणून कंपनी एकीमागे दुसरीला जामीन उभी करते. हा गटही कंपनीचाच होता. चौघींना मात्र वाटलं, कर्ज 'गटाचं' आहे.

प्रत्येकीच्या खात्यात ४०,००० रुपये आले. २४ महिने, २४ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे हप्ता साधारण २,११५ रुपये. चौघींनी पैसे काढले, तीन हजार ठेवले आणि ३७,००० रोख तिच्या हातात दिले. तिला १,४८,००० मिळाले. पाच महिने तिने वेळेवर हप्ते भरले, एकूण ४२,३०० रुपये. सहाव्या महिन्यात घराला कुलूप. लाखावर रक्कम घेऊन ती गेली आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ३३,००० च्या आसपास मुद्दल राहिलं, तेही तीन हजारांसाठी.

ते पाच हप्ते तिने विश्वास बसावा म्हणूनच भरले होते. पण खुणा आधीपासून होत्या. चौघींची कर्जकार्डं तिच्याच घरी असायची. फॉर्मवर मोबाईल नंबर तिचा टाकलेला, त्यामुळे कंपनीचे मेसेज चौघींना कधी आलेच नाहीत. तपासणीला आलेल्या सरांपुढे "शिलाई मशीन घेतली" असं सांगायचं, हेही तिनेच पढवलेलं.

कंपनीपुढे "पैसे तिनं नेले" हे चालत नाही, कारण सही तुमची असते. थकबाकी ब्युरोत चढली, की पुढे स्वतःच्या गरजेचं कर्जही अडतं. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते, पण रोख दिल्याचा पुरावा लागतो. इथे कागद नव्हता, फोनवरून पाठवलेली रक्कमही नव्हती. खात्यातून पैसे काढल्याची नोंद होती, पण ते कोणाला दिले हे त्या नोंदीतून कळत नाही.

अशात अडकलेल्यांनी आधी कंपनीकडून आपल्या खात्याचा उतारा मागून घ्यावा आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जुळवावी. वसुलीवाले सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येऊ शकत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. कंपनीचा माणूसच या व्यवहारात सामील असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करा.